एका मिनिटाला एक पिंप

(दृश्य: मुसळधार पाऊस. पन्हळीच्या डाव्या टोकावरून भिंतीवर पाण्याचा पडदा. उजव्या टोकाला पाइप.)

पाणी नेमकं कुठून सांडतंय ते बघा. पाइप उजवीकडे आहे आणि पन्हळ भरून वाहतेय डावीकडे, पाइपपासून सगळ्यात लांबच्या टोकाला. भिंतीवरचा हिरवा पट्टाही तिथूनच खाली उतरलाय. आतल्या बाजूला त्याच रेषेत गिलावा फुगलाय.

घरमालकांनी मागच्या वर्षी यावर एक उपाय केला होता. 75 मिलिमीटरचा पाइप काढून 110 चा बसवला. पाणी तरीही सांडतच राहिलं.

(दृश्य: पारदर्शक पाइपमधून उतरणारं पाणी, जवळून.)

हे का झालं, ते या पाइपमध्ये दिसतं. उभ्या पाइपमध्ये पाणी भरून उतरत नाही. ते आतल्या कडेला चिकटून, घसरत खाली येतं आणि मधोमध हवेची पोकळी राहते. पाइपचा साधारण एक तृतीयांश भागच पाण्याने व्यापलेला असतो, असं धरून हिशेब करतात. एवढं हातचं राखूनही 75 चा पाइप सेकंदाला जवळजवळ 5 लिटर पाणी उतरवू शकतो. छपराच्या या बाजूला तेवढं पाणी येतच नाही. अडचण पाइपची नव्हतीच.

मग पाणी येतं तरी किती? त्यासाठी वर चढायला हवं.

(दृश्य: शिडी, टेप, कौलांवरून आढ्याकडे जाणारा कॅमेरा.)

आपण छपराचा हा एकच पाखा मोजतोय. वळचणीची लांबी 12 मीटर. आढ्यापासून वळचणीपर्यंतचं आडवं अंतर 5 मीटर. हे अंतर कौलांवरून उतरत्या अंगाने घ्यायचं नाही, जमिनीवर सावली पडावी तसं सपाट मोजायचं. पन्हळीपासून आढ्याची उंची 3 मीटर.

पाऊस सरळ पडला असता तर 12 गुणिले 5, म्हणजे 60 चौरस मीटर धरून भागलं असतं. पण वाऱ्याबरोबर तो तिरका येतो आणि चढता पाखा त्याला छाती काढून सामोरा जातो. म्हणून आडव्या अंतरात आढ्याची निम्मी उंची मिळवायची. पाच अधिक दीड, साडेसहा. गुणिले 12. झाले 78 चौरस मीटर. पाखा जितका उभा, तितकी ही भर मोठी. कित्येकदा हीच राहून जाते.

आता पाऊस. इथे दिवसभरात किती पडला हा आकडा कामाचा नाही. छपरावर पडलेलं पाणी दोन-चार मिनिटांत पन्हळीत पोचतं, त्यामुळे त्या दोन-चार मिनिटांतला जोर महत्त्वाचा. आपण तासाला 150 मिलिमीटर धरलाय. तो तासभर तसाच कोसळला पाहिजे असं नाही. पाच मिनिटांत साडेबारा मिलिमीटर पडला की तोच वेग झाला. आपल्या भागातली जोराची सर यापेक्षा मोठी असेल तर तो आकडा घ्यायचा.

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. 78 गुणिले 150, भागिले तासाचे 3600 सेकंद. उत्तर, सेकंदाला सव्वातीन लिटर.

(दृश्य: 200 लिटरचं रिकामं पिंप अंगणात ठेवलं जातं.)

मिनिटाला 195 लिटर. एका मिनिटात हे पिंप जवळपास भरेल, तेही अर्ध्याच छपराच्या पाण्याने.

ही पन्हळ अर्धगोल, वरून 150 मिलिमीटर रुंद. सपाट लावलेली अशी पन्हळ एका दिशेला सेकंदाला साधारण 2.1 लिटर वाहून नेते. येणारं पाणी सव्वातीन. पन्हळीत पाण्याची पातळी पाइपच्या तोंडाशी सगळ्यात कमी आणि लांबच्या टोकाला सगळ्यात जास्त असते, म्हणून सांडायची सुरुवातही त्या टोकाला होते. सुरुवातीला डावीकडे दिसलेला पडदा तोच. पाणी पाइपच्या अगदी डोक्यावरच उसळून सांडत असतं, तर पहिला संशय तोंडावर घेतला असता.

(दृश्य: पन्हळ उतरवून जमिनीवर उलटी ठेवलेली. तळातल्या भोकावर टेप.)

तोंडही काही निर्दोष नाही म्हणा. पाइप 110 चा झाला, पण पन्हळीच्या तळातलं भोक 75 चंच राहिलं. पाणी या भोकात विहिरीच्या काठावरून ओसंडावं तसं चहूबाजूंनी पडतं. किती पडेल ते भोकाच्या घेरावर आणि तिथल्या पाण्याच्या उंचीवर ठरतं. तोंडाशी पाणी साधारण 35 मिलिमीटर उंच असताना 75 चं भोक जेमतेम 2 लिटर घेतं. त्यावर पानं अडवायची जाळी बसवली तर हिशेबात निम्मंच धरायचं. खाली कितीही मोठा पाइप जोडा, वरचा घास तेवढाच.

जुनी पन्हळ बदलायची गरज पडली नाही. बदलली ती तोंडांची जागा.

एकच तोंड मधोमध आणलं असतं, तर दोन्ही बाजूंनी 1.6 लिटर आलं असतं. पन्हळीला ते झेपतं. पण सव्वातीन लिटर त्या एका भोकात मावत नाही. म्हणून दोन तोंडं, प्रत्येक टोकापासून 3 मीटर आत. आता प्रत्येक तोंडाकडे दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटरचं पाणी येतं, एका बाजूने 0.8 लिटर, तोंडाला मिळून 1.6. दोन्ही तोंडं टोकांना ठेवली असती तरी आकडे जुळले असते, पण मग पन्हळीत एका दिशेला 1.6 लिटर वाहिलं असतं. आत आणल्यामुळे ते निम्म्यावर आलं.

(दृश्य: दोरी, पाणसळ, एकेक कडी ठोकली जातेय.)

उताराचा प्रश्नही त्यातच सुटला. पन्हळीला भरपूर ढाळ दिला की झालं, असा समज असतो. 12 मीटरला शंभरात एक ढाळ दिला तर दुसरं टोक 120 मिलिमीटर खाली जातं. तिथे कौलाची कड आणि पन्हळ यांत एवढी फट पडते की जोराचं पाणी पन्हळीवरून उडी मारून पुढे जातं. साडेतीनशेत एक ढाळ पुरतो. तीन मीटरला तो 9 मिलिमीटरही होत नाही. दोरी बांधल्याशिवाय हे डोळ्याला कळायचं नाही, म्हणून हे काम एवढं सावकाश चाललंय.

आणि ही कडी बघा. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवलीय. उद्या तोंड तुंबलंच, तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही.

(दृश्य: पाऊस. दोन पाइप, प्रत्येकाखाली 200 लिटरचं पिंप. पन्हळीची कड कोरडी.)

काम झाल्यावर आलेली ही पहिली मोठी सर. दोन्ही पिंपं तीन मिनिटांत भरली. 400 लिटर, म्हणजे सेकंदाला 2.2.

जुन्या मांडणीत एवढ्यावरच डावं टोक सांडायला लागलं असतं.

(पावसाचा आवाज. कॅमेरा डाव्या भिंतीवर स्थिर.)