ताशी ४८० नग, मग माल कधी?

मंडळी, आज एकच हिशेब घेऊन आलोय. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन आहे. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, ‘चोवीस हजार झाकणं हवीत, कधी देता?’ मालक कॅल्क्युलेटर काढतो आणि भागाकार करतो. भागाकार बरोबर असतो, तरी तारीख चुकते. ती कुठे चुकते ते बघू.

माल एबीएस या प्लास्टिकचा. मोल्ड चार कॅव्हिटीचा, म्हणजे एका शॉटला चार झाकणं पडतात. सायकल तीस सेकंदांची. तासाला १२० शॉट, म्हणजे ४८० नग. २४,००० भागिले ४८०, बरोबर ५० तास. आठ तासांच्या शिफ्टने सव्वासहा शिफ्ट. तीन शिफ्ट चालतात, म्हणजे दोन दिवस आणि वर थोडं. मालक म्हणतो, ‘परवा रात्री गाडी पाठवा.’

या ४८० ला पहिला प्रश्न विचारायचा, की बाबा, तू आलास कुठून? स्टॉपवॉच लावून सायकल मोजली असेल, तर हा मशीन न थांबता चालतानाचा दर आहे. त्यात चहा नाही, रिजेक्शन नाही, मोल्ड बदलणं नाही. ते सगळं वेगळं धरावं लागेल. पण गेल्या महिन्याच्या प्रॉडक्शन रजिस्टरमधून एकूण ओके नग भागिले एकूण तास असा दर काढला असेल, तर हे सगळं त्यात आधीच मुरलेलं आहे. त्यावर पुन्हा चेंजओव्हर आणि रिजेक्शन चढवलं की तेच नुकसान दोनदा मोजलं जातं. मग आपण उगाच लांबची तारीख देतो आणि ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. माझं मत विचाराल तर नव्या ऑर्डरला स्टॉपवॉचचा दर घ्यावा आणि बाकीचं उघडपणे मांडावं. रजिस्टरचा दर ज्या कामांच्या मिश्रणातून आला, ते मिश्रण उद्या तसंच असेल याची खात्री नसते.

आता रिजेक्शन. शंभरात चार नग जातात असं धरू. मग २४,००० ओके नगांसाठी पाडायचे किती? बरेच जण २४,००० मध्ये चार टक्के मिळवतात आणि २४,९६० म्हणतात. पण चार टक्के जातात ते पाडलेल्या नगांतले. म्हणून २४,००० ला ०.९६ ने भागायचं, उत्तर २५,०००. इथे फरक चाळीस नगांचा, म्हणजे काहीच नाही. रिजेक्शन वीस टक्क्यांवर गेलं की हीच चूक हजारभर नगांची होते. २५,००० भागिले ४८०, म्हणजे ५२.०८ तास. याला ‘बावन्न तास आठ मिनिटं’ म्हणू नका, ०.०८ तास म्हणजे पाच मिनिटं. एक्सेलमधून ही चूक फार शिरते, आणि अर्धा तास म्हणून कुणी ०.३० लिहिलं की पुढची सगळी बेरीज बिघडते.

खरी गंमत चेंजओव्हरची. चेंजओव्हर म्हणजे मोल्ड बसवायला लागलेला वेळ, असं सेटर सांगतो. त्याचं काम पाऊण-एक तासात होतं आणि त्याचं त्याला खरंही वाटतं. पण आपल्याला हवा तो वेळ आधीच्या कामाचा शेवटचा ओके नग पडल्यापासून नव्या कामाचा पहिला ओके नग पडेपर्यंतचा. जुना मोल्ड उतरवणं, क्रेनची वाट बघणं, पाण्याचे पाइप जोडणं, बॅरल साफ करणं, पहिले शॉट फेकून देणं, क्वालिटीची सही घेणं, सगळं त्यात आलं. आपल्या उदाहरणात तो अडीच तास धरू. हा वेळ नगांवर अवलंबून नाही. चोवीस हजार पाडा नाहीतर सहाशे, अडीच तास जाणारच.

ऑर्डर मात्र तीन रंगांत आहे: काळी १२,०००, पांढरी ८,०००, लाल ४,०००. मोल्ड तोच, रंग बदलायचा. पांढऱ्यावरून लाल, लालवरून काळा असं गेलं तर प्रत्येक बदलाला अर्धा तास पुरतो. उलटं गेलं तर हळद वाटलेल्या पाट्यावर खोबरं वाटण्याचा प्रकार होतो. काळ्याचे कण स्क्रूच्या आट्यांत आणि नोझलमध्ये दडून बसतात आणि पर्जिंग, म्हणजे बॅरलची सफाई, संपली असं वाटल्यावर नेमके पांढऱ्या झाकणावर ठिपके दिसतात. दीड-दीड तास धरा. म्हणजे सरळ क्रमाला एक तास, उलट्या क्रमाला तीन तास. आधीचं काम गडद रंगाचं असेल, तर पहिल्या अडीच तासांतही भर पडेल.

बेरीज करू. चालण्याचे ५२ तास ५ मिनिटं, मोल्डचे अडीच तास, रंगांचा एक तास. एकूण ५५ तास ३५ मिनिटं. आठ तासांच्या शिफ्टमध्ये जेवण, चहा, पाळी बदलताना रेंगाळणं वजा जाता सात तास हाती लागतात असं धरलं, तर आठ शिफ्टचे ५६ तास. पंचवीस मिनिटं राखून काम बसलं. आता काळा रंग आधी लावून बघा: ५७ तास ३५ मिनिटं. काम नवव्या शिफ्टमध्ये गेलं आणि रात्रीची गाडी हुकली. मशीन तेच, माणसं तीच, फक्त क्रम बदलला.

याच गिऱ्हाइकाने ‘एकदम नको, चार आठवड्यांत थोडा थोडा द्या, दर वेळी तिन्ही रंग’ असं म्हटलं, तर साडेतीन तासांचे चौदा तास होतात. दर ठरवताना हे विचारलंच जात नाही.

हा वेळ कमी करता येतो. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने १९६९ साली टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. युक्ती एवढीच की मशीन चालू असताना जे उरकता येतं त्यासाठी मशीन थांबवायचं नाही. आपल्याकडे एबीएस ऐंशी अंशांवर दोनेक तास सुकवावं लागतं. आधीचं काम चालू असतानाच ते वेगळ्या ड्रायरमध्ये घातलं तर अंदाजात त्याचं खातं शून्य. विसरलात तर मोल्ड बसलाय, ऑपरेटर उभा आहे आणि दाणे ओले आहेत.

आणि अंदाज दिला की काम संपलं नाही. पहिल्या शिफ्टच्या सात तासांतले अडीच सेटिंगला गेले. उरलेल्या साडेचार तासांत काउंटरवर ५४० शॉट आणि क्रेटमध्ये, रिजेक्ट झालेल्या नगांसकट, २,१६० नग दिसायला हवेत. दोन्ही आकडे बघा. शॉट ५४० आणि नग १,६२० असतील, तर एक कॅव्हिटी बंद करून काम रेटलंय. दर ३६० वर आला आणि चालण्याचे बावन्न तास एकोणसत्तरच्या पुढे गेले. शॉटच ४५० असतील, तर एक तर मशीन मध्ये थांबलंय किंवा सायकल छत्तीस सेकंदांची झालीय. बहुधा झाकणं वाकडी येत होती म्हणून कुणीतरी कूलिंगचा वेळ वाढवलाय. गिऱ्हाइकाला फोन करायचा तो त्याच वेळी, कारण तेव्हा त्याच्या हातात अजून दोन दिवस असतात.