आधी टप्पा, मग कूपन

नमस्कार. आजचा विषय आहे घाऊक सवलत आणि कूपन कोड यांचा क्रम. त्याबरोबर कूपनची मर्यादा आणि मुदत यांवरही बोलायचं कबूल केलंय. पण सुरुवात एका फोनपासून करतो, कारण हा विषय मला त्या फोनने शिकवला.

दिवाळी अंकांची ऑनलाइन नोंदणी आम्ही घेत होतो. अंक ३०० रुपयांचा. घाऊक सवलतीचे टप्पे दोन: १० अंकांपासून १० टक्के, २५ पासून २० टक्के. शिवाय ग्रंथालयांना १० टक्क्यांचं एक कूपन दिलेलं. एका तालुक्याच्या ग्रंथालयाने २५ अंक मागवले. स्क्रीनवर रक्कम दिसली ५,२५०. ग्रंथपालबाईंनी ती कागदावर लिहून घेतली, कार्यकारिणीत ठराव करून घेतला, आणि पैसे भरायला आल्या तर बिल ५,४०० रुपयांचं. त्या फोनवर म्हणाल्या, "दादा, ठरावात आकडा लिहिलाय. आता दीडशे रुपयांसाठी पुन्हा सभा बोलावू का?"

दीडशे आले कुठून? कार्टच्या पानाने २० आणि १० यांची बेरीज करून ७,५०० वर ३० टक्के वजा केले होते. बिलाने आधी २० टक्के काढले, ६,००० झाले, मग त्यावर १० टक्के काढले. हिशेब दोन जणांनी दोन ठिकाणी लिहिलेला होता. आम्ही बाईंना ५,२५० लाच अंक दिले, कारण ग्राहकाला दाखवलेला आकडा हा दिलेला शब्द असतो. त्या दिवसापासून आमच्याकडे हिशेब एकाच ठिकाणी होतो. कार्ट आणि बिल दोघेही तिथूनच आकडा घेतात.

आता क्रमाचं. दोन्ही सवलती टक्क्यांत असल्या आणि एकामागून एक लावल्या, तर कुठलीही आधी लावा, ५,४०० च येतात. हे शाळेतलं गणित आहे, तुम्ही मान हलवताय ते दिसतंय मला. पण कूपन ५०० रुपयांचं असलं तर? आधी टप्पा लावला तर ६,००० वजा ५००, म्हणजे ५,५००. आधी कूपन लावलं तर ७,००० चे ८० टक्के, म्हणजे ५,६००. शंभराचा फरक, आणि त्यात ग्राहकाच्या ५०० च्या कूपनची किंमत ४०० च उरली. म्हणून माझा आग्रह: टप्पा मालाच्या नगांवर असतो, तो आधी, कूपन बिलावर असतं, ते नंतर. "किमान ६,००० च्या खरेदीवर" अशी अट असेल तर ती टप्प्याच्या आधीच्या रकमेवर मोजायची की नंतरच्या, हेही कूपनवरच छापा.

टप्प्याची आणखी एक गंमत आहे. २४ अंकांचे १० टक्क्यांनी ६,४८० होतात आणि २५ अंकांचे ६,०००! कुणी २४ मागत असेल तर "एक वाढवा, पैसे वाचतील" असं स्क्रीननेच सांगितलं पाहिजे; गप्प बसणं मला अप्रामाणिक वाटतं. उलट, कुणी २५ घेऊन ३ परत केले, तर उरलेल्या २२ चा हिशेब १० टक्क्यांनी नव्याने करावा लागतो: ५,९४०. म्हणजे परत द्यायचे फक्त ६० रुपये. हे आधी सांगितलं नसेल तर भांडण ठरलेलं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. मर्यादेचं भरभर सांगतो. "पहिल्या १०० जणांना" म्हटलं की शंभरावं कूपन दोघे एकाच क्षणी वापरतात. आधी "किती वापरली" ते वाचायचं आणि मग एकने वाढवायचं, असं दोन पायऱ्यांत केलं तर दोघांनाही सवलत मिळते. तपासणी आणि वाढ एकाच आदेशात हवी:

```sql
UPDATE coupons SET used = used + 1
WHERE code = 'VACHAK10' AND used < max_uses;
```

एक ओळ बदलली तर सवलत द्या, शून्य बदलल्या तर कूपन संपलं. पैसे भरणं फसलं तर तो आकडा एकने कमी करायला विसरू नका, नाहीतर शंभर कूपनं ऐंशी गिऱ्हाइकांतच संपतात. आणि माणशी एकच कूपन असेल तर ते मोबाइल क्रमांकावर मोजा. नवा ईमेल कुणीही दोन मिनिटांत काढतो.

शेवटचं, मुदत. "३१ ऑक्टोबरपर्यंत" याचा अर्थ गिऱ्हाइकासाठी त्या रात्री बारापर्यंत. सर्व्हरचं घड्याळ मात्र बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असतं. तिथे नुसती ३१ तारीख लिहिली की ती त्या दिवसाच्या पहिल्या क्षणाची धरली जाते, आणि आपल्याकडे पहाटे साडेपाचलाच कूपन मरतं. सकाळी चहाबरोबर नोंदणी करणाऱ्याला "मुदत संपली" दिसतं. म्हणून पुढच्या दिवसाचा पहिला क्षण भारतीय वेळेसह लिहा, `2025-11-01T00:00:00+05:30`, आणि त्याच्या आधीची प्रत्येक नोंदणी स्वीकारा. कार्ट ११:५८ ला भरलं आणि पैसे १२:०३ ला आले तर? आम्ही नोंदणीची वेळ धरतो आणि तो भाव पंधरा मिनिटं राखून ठेवतो. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी उभा आहे.