काचपट्टीवरचा दुसरा थर

(दृश्य: उजेडासमोर धरलेली काचपट्टी. तिच्यावर तीन बारीक गुलाबी दोरे.)

स्तनातल्या गाठीतून जाड सुईने काढलेले हे तीन तुकडे. प्रत्येकाची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर. मॅमोग्राफीत वेड्यावाकड्या कडांची सावली दिसली, म्हणून बायोप्सी झाली. आता पॅथॉलॉजिस्टला सांगायचंय, गाठ साधी की कॅन्सरची.

हे रंग शरीरातले नव्हेत. इतका पातळ काप रंगवला नाही तर भिंगाखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडापासून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रकं निळसर जांभळी करतं, आणि इओसिन उरलेलं बहुतेक सगळं गुलाबी. जांभळा रंग दाट दिसला की पाहणारा दचकतो. पण त्याचा अर्थ तिथे केंद्रकांची गर्दी आहे, एवढाच. सूज आलेल्या जागी जमलेल्या लिम्फोसाइट पेशीही अशाच गडद दिसतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून, कमी शक्तीचं भिंग.)

सुरुवात नेहमी लहान भिंगाने. पेशी नंतर, आधी नकाशा. इथे मधोमध गुलाबी तंतूंचा घट्ट पट्टा आहे आणि त्यात चेपलेल्या बारीक नळ्या. काही इतक्या दबल्यात की नळीची पोकळीच उरलेली नाही; पेशी एकामागे एक रांगेत घुसल्यासारख्या वाटतात. कॅन्सर अगदी असाच दिसू शकतो. मात्र जरा मागे सरून पाहिलं, तर या सगळ्या गर्दीला बाहेरून गोलसर कड आहे. मध्ये दाटी, कडेला नळ्या थोड्या मोकळ्या. आक्रमक कॅन्सरच्या नळ्या अशी हद्द सहसा पाळत नाहीत. त्या शेजारच्या चरबीत वाट्टेल तशा शिरतात.

(दृश्य: मोठं भिंग.)

आता केंद्रकं. मोजपट्टी काचेवरच आहे: लाल रक्तपेशी, साधारण सात मायक्रॉनची. तिच्याशी ताडून पाहिलं तर इथली केंद्रकं लहान, एकसारखी, गुळगुळीत कडांची. कुठे विभाजन चाललेलं दिसत नाही. तुकड्याच्या टोकाला मात्र जांभळे फरांटे आहेत. तिथे सुईने पेशी चिरडल्या गेल्यात. तेवढ्या भागावरून काही ठरवायचं नाही.

केंद्रकं गरीब दिसतात म्हणून सुटलो, असंही नाही. ट्यूब्युलर कार्सिनोमा नावाच्या कॅन्सरची केंद्रकं इतकीच सालस असतात. चेहऱ्यावर जाऊन इथे फसायला होतं.

मग पाहायचं काय? नळीची भिंत. स्तनातल्या निरोगी नळीला पेशींचे दोन थर असतात. आतला थर ठळक दिसतो. त्याला बाहेरून बिलगलेला असतो मायोएपिथेलियल पेशींचा पातळ थर. आक्रमक कॅन्सरच्या नळ्यांना हा बाहेरचा थर नसतो. पण नळी चेपली गेली की तो इतका सपाट होतो की गुलाबी-जांभळ्या रंगात आहे की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

(दृश्य: त्याच तुकड्याचा दुसरा काप. फिकट निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी ठिपके.)

म्हणून त्याच मेणाच्या ठोकळ्यातून नवा काप काढून p63 या प्रथिनाची चाचणी करतात. हे प्रथिन बाहेरच्या थरातल्या पेशींच्या केंद्रकात असतं; ज्या केंद्रकात ते असेल, ते केंद्रक तपकिरी होतं. पहिली नजर टाकायची ती शेजारच्या निरोगी नळीवर. तिथेच तपकिरी ठिपके नसतील, तर चाचणीच फसली. ती पुन्हा करायची. इथे निरोगी नळीभोवती ठिपके आहेत. आणि त्या चेपलेल्या नळ्यांभोवतीही, माळेतल्या मण्यांसारखे. मण्यांमध्ये काही ठिकाणी अंतर पडलंय, म्हणून जोडीला याच थरातल्या स्मूथ मसल मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची चाचणी केली. तिने ती रेघ पुरी केली.

बाहेरचा थर शाबूत आहे याचा अर्थ इतकाच, की पेशी नळीबाहेर पडलेल्या नाहीत. नळीच्या आतच वाढणाऱ्या कॅन्सरभोवतीही हा थर टिकून असतो. त्यामुळे नळ्यांच्या आत बेढब केंद्रकं भरलेली नाहीत ना, हे वेगळं पाहावं लागतं. इथे तसं काही नाही. निदान लिहिलं जातं: स्क्लेरोझिंग अॅडिनोसिस, म्हणजे कॅन्सर नव्हे.

काचपट्टी ट्रेमध्ये जाते, पण काम अजून आहे. मॅमोग्राफीतली ती वाकडी सावली आणि हे निदान एकमेकांशी जुळतं का, हे रेडिओलॉजिस्टबरोबर बसून पाहायचंय. जुळलं नाही, तर सुई गाठीच्या बाजूने गेली असावी. मग बायोप्सी पुन्हा घ्यायची.