ऑफर लेटरमधला आकडा आणि रिकामं पासबुक

नमस्कार श्रोतेहो. जळगावच्या एमआयडीसीत डिप्लोमाची कितीतरी मुलं इंटर्नशिपला जातात. ऑफर लेटरमध्ये मानधनाचा आकडा असतो, पण महिने सरतात आणि खात्यात काही येत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, "पुढच्या महिन्यात टाकतो." अशा वेळी पत्र कसं लिहायचं, ते आज सांगतो.

आधी पैसे देणार कोण, ते पाहा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन सरकारकडून थेट खात्यात येतं, त्यामुळे तिथे कंपनीकडे मागणी करून उपयोग नाही. अप्रेंटिस म्हणून करार नोंदवला असेल, तर 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा लागतो. यातलं काही नसेल, तर तुमचा आधार म्हणजे ऑफर लेटर. "कामगिरीनुसार" किंवा "कमाल" असा शब्द त्यात आहे का, तेही वाचा. एवढ्या एका शब्दाने मागणी लंगडी पडते.

समजा, दरमहा 9,000 रुपये ठरले होते आणि तुम्ही तीन महिने काम केलंत. मग पत्र असं लिहा:

"महोदय, आपल्या 24 जूनच्या ऑफर लेटरमधील कलम 4 नुसार मला दरमहा 9,000 रुपये मानधन पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळणार होते. मी 1 जुलै ते 30 सप्टेंबर काम केले. हजेरीची प्रत व बँकेचा खातेउतारा सोबत जोडला आहे. आजवर एकही रक्कम जमा झालेली नाही. एकूण 27,000 रुपये हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत जमा करावेत. हिशेबाबाबत आक्षेप असल्यास त्याच मुदतीत लेखी कळवावा. आपल्याकडे शिकायला मिळाले, याबद्दल आभारी आहे."

"कृपया लक्ष द्यावे" एवढंच लिहिलं, तर साहेब लक्ष देतात आणि पत्र फाइलला लागतं. म्हणून रक्कम आणि मुदत हवीच. घरची अडचण लिहू नका. पैसे कामाचे आहेत, मदतीचे नाहीत. पोलिसांची धमकीही नको, कारण हा मुळात कराराचा वाद आहे. आभाराचं वाक्य मात्र मनापासून लिहा. शिकवणाऱ्या सुपरवायझर दादांचा यात दोष नसतो.

पत्र ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टनेही, पोचपावती जपून ठेवा. अनुभवाचा दाखला वेगळ्या अर्जाने मागा. दाखल्यासोबत "सर्व हिशेब पूर्ण" असा कागद पुढे केला, तर पैसे जमा झाल्याशिवाय सही करू नका. बरीच मुलं इथेच अडकतात.

पंधरा दिवसांत काहीच झालं नाही, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. दावा दाखल होण्याआधीच तिथे तडजोडीसाठी अर्ज देता येतो. दावा करायचाच झाला, तर साधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. प्रत्येक महिन्याचं मानधन वेगळ्या तारखेला देय होतं, म्हणून मुदत पहिल्या महिन्यापासून मोजा.