एकॉस 25 टक्के, मार्जिन 32 टक्के, तरी नफा घटला कसा?

मार्केटप्लेसवर पैसे देऊन स्पॉन्सर्ड लिस्टिंग चालवताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, तो म्हणजे एकॉस. जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री. तो मार्जिनपेक्षा कमी दिसला की आपण निश्चिंत होतो आणि बिड, म्हणजे दर क्लिकमागे लावलेली बोली, वाढवतो. नेमकी तिथेच गडबड होते.

आधी मार्जिन नीट काढू. समजा, कर वगळून विक्री किंमत 1000 आहे. त्यातून मालाची खरेदी 380, मार्केटप्लेसचं कमिशन 130, पॅकिंग आणि डिलिव्हरी 120, आणि परत येणाऱ्या मालाचं नुकसान दर ऑर्डरमागे सरासरी 50. हे शेवटचे 50 लोक हमखास विसरतात. उरले 320. म्हणजे एकॉस 32 टक्के झाला की जाहिरातीच्या ऑर्डरवर हातात शून्य.

इथे एक खाच आहे. रिपोर्टमधली विक्री करासकट असेल, तर हा 32 चा आकडा चालत नाही. समजा 10 टक्के कर धरून रिपोर्टमध्ये 1100 दिसतात. त्याचे 32 टक्के म्हणजे 352, आणि तुमच्याकडे आहेत 320. खरी मर्यादा 29 टक्क्यांवर आली. एखादी ऑर्डर उघडा आणि रिपोर्टमध्ये कोणती रक्कम धरली आहे ते ताडून पाहा. आपण पुढे 1000 च धरू.

आता बिड.

[पडद्यावर: बिड = किंमत × ऑर्डरचं प्रमाण × अपेक्षित एकॉस]

एखाद्या कीवर्डवर 100 क्लिकमागे 8 ऑर्डर येतात आणि तुम्हाला एकॉस 20 टक्क्यांवर ठेवायचा आहे. 1000 गुणिले 0.08 गुणिले 0.20, उत्तर 16. दुसऱ्या कीवर्डवर 100 मागे 4 च ऑर्डर येत असतील, तर तिथे बिड 8. वस्तू तीच असली तरी सगळ्या कीवर्डना एकच बिड लावणं म्हणजे चांगल्या कीवर्डने कमवायचं आणि वाईटाने उडवायचं. बिड ही कमाल रक्कम असते, प्रत्यक्ष क्लिक बहुधा त्याहून स्वस्त पडतो. आणि पहिल्या पानावरच्या वरच्या जागेसाठी तुम्ही 50 टक्के वाढ लावून ठेवली असेल, तर त्या जागेसाठी तुमची बिड 16 नाही, 24 आहे.

हे ऑर्डरचं प्रमाण किती क्लिकवरून ठरवायचं? 10-12 क्लिक झाले, ऑर्डर नाही, म्हणून कीवर्ड बंद करणारे खूप. पण 100 मागे 8 ऑर्डर देणाऱ्या कीवर्डवरही सलग 12 क्लिक कोरडे जाण्याची शक्यता साधारण 37 टक्के असते. 40 क्लिक कोरडे जाण्याची शक्यता मात्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तेव्हा 100 मागे 8 ची अपेक्षा असेल, तर 40 पर्यंत कळ काढा, मग हात लावा.

आता मुख्य मुद्दा. त्याच वस्तूची, त्याच जाहिरातीची तीन वेगवेगळ्या बिडवरची स्थिती बघा.

[पडद्यावर:
कमी बिड: 5 ऑर्डर, खर्च 500, एकॉस 10%
मधली बिड: 20 ऑर्डर, खर्च 4000, एकॉस 20%
जास्त बिड: 27 ऑर्डर, खर्च 6750, एकॉस 25%]

प्रत्येक ऑर्डरमागे 320 धरून खर्च वजा करा. नफा अनुक्रमे 1100, 2400 आणि 1890. म्हणजे 10 टक्के एकॉसचा स्क्रीनशॉट मिरवणाऱ्याने निम्म्याहून जास्त नफा सोडून दिला. आणि 25 टक्केवाला अजूनही 32 च्या आतच आहे, तरी त्याचा नफा 510 ने घसरला.

हे कसं झालं? मधल्या बिडवरून वर जाताना 7 ऑर्डर वाढल्या आणि खर्च वाढला 2750. दर वाढीव ऑर्डरला 393 पडले, मिळाले 320. त्या सात ऑर्डर एकत्र धरल्या तर तोट्यातल्या होत्या, फक्त आधीच्या 20 स्वस्त ऑर्डरच्या सरासरीत तो तोटा झाकला गेला. बिड वाढवली की पूर्वीच्याच क्लिकांनाही जास्त पैसे पडू शकतात, ते इथे आलं. म्हणून बिड वाढवल्यावर एकूण एकॉस बघत बसू नका. वाढलेला खर्च भागिले वाढलेल्या ऑर्डर, एवढंच काढा आणि ते 320 शी ताडा.

नवी वस्तू वर आणण्यासाठी किंवा जुना साठा काढण्यासाठी काही काळ तोटा मुद्दाम घेतला, तर हरकत नाही. पण तो किती घ्यायचा, हे आधी ठरवा.

तुलना करताना शेवटचे काही दिवस सोडून द्या. क्लिक आज होतो, ऑर्डर चार दिवसांनी येते. खर्च मात्र लगेच दिसतो, त्यामुळे ताज्या दिवसांचा एकॉस नेहमी फुगलेला असतो. बिड एका वेळी 10 ते 15 टक्क्यांनीच बदला, आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे घ्या, आणि त्या काळात किंमत किंवा फोटो बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.