किंमत विचारणारा प्रत्येक जण घ्यायलाच आलेला नसतो

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये पुन्हा तोच प्रश्न आलाय: "क्लिक भरपूर येतात, ऑर्डर येत नाही, बिड वाढवू का?" थांबा. आधी गूगल अ‍ॅड्समधला सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा आणि लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते वाचा. तुम्ही टाकलेला कीवर्ड वेगळा, लोकांचे शब्द वेगळे.

समजा, नाशिकमध्ये तुमचं घरगुती पिठाच्या गिरण्या विकायचं दुकान आहे. "गिरणीत पीठ गरम का होतं" असं विचारणाऱ्याला माहिती हवी आहे. "दगडाची की बिनदगडाची" म्हणणारा तुलना करतोय. "1 एचपी गिरणी डीलर नाशिक" हा पैसे घेऊन निघालाय. इथवर सगळ्यांना जमतं.

आता "घरगुती गिरणी किंमत" कुठे टाकाल? बहुतेक जण तिसऱ्या गटात टाकतात, आणि पैसे इथेच जातात. अहो, त्यात एचपी नाही, मॉडेल नाही, गाव नाही! हा माणूस अजून बजेटचा अंदाज घेतोय. त्याला तुलनेतच ठेवा.

मग जाहिरातीत त्याला "आजच ऑर्डर करा" म्हणू नका. "1 एचपी की 2 एचपी? किंमत, आवाज, वीजबिल एकाच तक्त्यात" असं लिहा.

पानावरही तोच तक्ता हवा. 1 एचपी म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट, म्हणजे पूर्ण लोडवर तासाला साधारण पाऊण ते एक युनिट वीज, हे तिथे लिहा. आणि किंमत लिहा हो! परवा एकाचं पान पाहिलं. माणूस किंमत शोधत आलाय आणि समोर काय, तर "किमतीसाठी नंबर द्या". मला याचा खरंच राग येतो. तो मागे फिरतो, आणि त्या क्लिकचे पैसे तुम्ही भरलेले असतात.

बिडमध्येही तेच दिसतं. धरा, एका गिरणीमागे जाहिरातीला 900 रुपये परवडतात. "डीलर नाशिक"वाल्या 100 क्लिकमागे 4 विक्री झाल्या, तर क्लिकला 36 रुपयांपर्यंत जाता येतं. नुसत्या "किंमत"वाल्या 100 मागे एकच झाली, तर 9 रुपये. दोन्ही एकाच गटात 36 वर ठेवले, तर "किंमत"वाली प्रत्येक विक्री 3,600 रुपयांना पडते. माहितीवाल्यांत 500 मागे एक असेल, तर दोन रुपयेसुद्धा जास्त झाले.

तिसऱ्या गटात "दुरुस्ती", "सेकंड हँड" हे शब्द निगेटिव्ह टाका, म्हणजे ते शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणार नाही. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द ओळखत नाहीत, त्यामुळे "रिपेअर" वेगळा टाकावा लागतो, रोमन लिपीतलं स्पेलिंगही वेगळं.

एकाने विचारलंय, "ऑटोमॅटिक बिडिंग लावलंय, मग हे कशाला?" ते बोली ठरवतं, दादा. तुमच्या पानावर किंमत लिहून देत नाही.