बाभळीचा चट्टा आणि आतली हवा

(दृश्य : पहाट. गोदाकाठचं काळं रान. बांधालगत रचलेला लाकडाचा चट्टा.)

निवेदन :
माघात तोडलेली बाभूळ. वैशाखापर्यंत उन्हात पडून वाळली, मग चट्टा रचला. व्यापारी येऊन एकदा भोवती फिरला आणि म्हणाला, "दीड टन." ना टेप, ना काटा. नजर चांगली असते काहींची, पण चट्ट्याच्या पोटात किती हवा आहे हे नजरेला कसं कळणार?

(दृश्य : टेप धरलेले दोन हात. एक म्हातारा, एक मुलगी.)

लांबी ४ मीटर. खांडं ९० सेंटिमीटरची तोडलेली, म्हणून खोली ०.९ मीटर. उंचीला मात्र एक माप पुरत नाही, वरचा थर कुठे बसलेला असतो, कुठे फुगलेला. आबांनी चार ठिकाणी टेप लावली : १.३०, १.२५, १.१५ आणि पुन्हा १.३०. सरासरी १.२५. तिन्हींचा गुणाकार साडेचार घनमीटर. हे झालं चट्ट्याचं माप, लाकडाचं नव्हे.

(दृश्य : मोबाइलने फोटो काढणारी मुलगी. मग कागदावर छापलेला फोटो, त्यावर पट्टीने मारलेल्या रेघा.)

हवा मोजायची ती अशी. चट्ट्यासमोर अगदी सरळ, त्याच्या मधल्या उंचीवर फोन धरून फोटो काढायचा. तिरका काढला की फटी झाकल्या जातात. छापलेल्या फोटोवर उभ्या २० आणि आडव्या १० रेघा मारायच्या. रेघा एकमेकींना छेदतात ते २०० बिंदू. आता एकेक बिंदू बघायचा : लाकडावर पडलाय की फटीत?

समोरून १२८ बिंदू लाकडावर. मागून फक्त ११६. रचणाऱ्याने जाड बुंधे पुढे ठेवले होते. तशी रचायची पद्धतच आहे, त्यात लबाडी असेलच असं नाही. म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. सरासरी १२२, म्हणजे शंभरात ६१. साडेचार घनमीटरमध्ये लाकूड सुमारे पावणेतीन, बाकी हवा.

(दृश्य : पाण्याने काठोकाठ भरलेला पिंप. लाकूड आत दाबताना सांडणारं पाणी. हे दृश्य सावकाश.)

आता वजन. पुस्तकात बाभळीचं वजन सापडतं, पण ते पुस्तकातल्या बाभळीचं. ही किती वाळलीय ते हिलाच विचारलेलं बरं. चट्ट्यातून जाड, मध्यम, बारीक अशी खांडं काढून त्यांचे हातभर पाच तुकडे केले. ताणकाट्यावर मिळून ३१.२ किलो. मग एकेक तुकडा पिंपात. वाळलेली बाभूळ तरंगते, म्हणून बारीक सळईने पूर्ण बुडवायची, पण लगेच बाहेर काढायची, नाहीतर लाकूड पाणी पिऊ लागतं. तुकडा काढला की पिंप पुन्हा काठोकाठ भरायला किती लिटर लागलं, ते मोजायचं. पाचांचे मिळून ३८ लिटर.

३१.२ भागिले ३८. एका घनमीटरला साधारण ८२० किलो. हीच बाभूळ माघात ओली मोजली असती तर जवळपास पाण्याइतकी भरली असती, आणि चट्टा तेवढाच दिसला असता.

पावणेतीन घनमीटर गुणिले ८२० : सुमारे साडेबावीसशे किलो.

(दृश्य : ट्रॉलीत लाकूड भरणारे हात.)

काट्यावर कॅमेरा नेऊ दिला नाही. पावती आहे : निव्वळ २,०६० किलो. आपला हिशेब दोनशेच्या आसपास जास्त निघाला.

चूक कुठे झाली, ते ट्रॉली भरताना दिसलं. ही बघा खांडं. नव्वदची म्हणवणारी, पण कितीतरी सत्तरचीच. समोर टोक दिसतं, मागे वीतभर पोकळी. फोटोत आत सरकलेलं टोकही लाकूडच दिसतं, आणि आपला बिंदू तिथे 'लाकूड' म्हणून मोजला गेला. पावतीवरून उलटं गणित केलं तर या चट्ट्यात खरं लाकूड शंभरात ५६. हा आकडा अशाच रचलेल्या, अशाच तोडलेल्या चट्ट्याला चालेल. वाकड्या फांद्यांचा ढीग असेल तर तो आणखी खाली येतो, चिरून घट्ट बसवलेल्या सरळ खांडांचा वर जातो.

व्यापाऱ्याने फरकाचे पैसे दिले. सगळे नाही.

(दृश्य : दुसरा चट्टा. मुलीच्या हातात तुरीची काडी.)

आता फोटोआधी ती प्रत्येक शंकेच्या टोकापाशी काडी घालून बघते. टोक समोरच्या रेषेत असेल तरच लाकूड.

(काडी आत जाते. मग बोटं. मग मनगट.)

हे एक नाही धरायचं.